भोंगा वाजायच्या आधी

एकोणीसशे सदतीस सालची गोष्ट. भोरला तेव्हा संस्थान होतं, वीज नव्हती आणि हायस्कुलात मुली होत्या तीनच. त्या तिघींत सगळ्यांत धाकटी रतन. मार्गासनीच्या आनंदरावांची नात, इंग्रजी तिसरीत, म्हणजे आताच्या सातवीत.

रतनचे वडील ती लहान असतानाच तापानं गेले होते. आई मार्गासनीला सासऱ्यांच्या हाताखाली शेत बघायची. भोरला रतनची आत्या होती, फुलाबाई. तिचे यजमान मानसिंग संस्थानच्या पोलिसांत शिपाई. त्यांना मूलबाळ नव्हतं, म्हणून फुलाबाईंनी भाचीला मांडीवर घ्यावं तशी घरी आणली आणि शाळेत घातली. आनंदरावांनी तेव्हा नाही म्हटलं नाही. पण पोर इंग्रजीत गेली तसं त्यांचं मन मागंपुढं व्हायला लागलं. तेरावं लागलेली मुलगी मुलांच्या शाळेत बसते, हे गावात चार लोक त्यांच्या तोंडावर बोलून दाखवत, आणि न बोलणारे जास्त होते.

त्या वर्षी स्नेहसंमेलनाला पुण्याचे एक रावबहादूर अध्यक्ष म्हणून यायचे ठरले. निवृत्त न्यायाधीश, मुलींच्या शिक्षणाचे मोठे कैवारी. संमेलनात पाहुण्यांचं स्वागत दरवर्षी इंग्रजीत होई आणि ते मॅट्रिकचा एखादा उंच आवाजाचा मुलगा करी. हेडमास्तरांनी विचार केला, रावबहादूरांच्या पुढ्यात मुलगी उभी केली तर शाळेचं नाव होईल. थोरल्या दोघींपैकी एकीच्या घरी सुतक आलं होतं आणि दुसरीनं चक्क मास्तरांपुढं पदराचा बोळा तोंडात घालून रडून घेतलं. उरली रतन.

ती नाही म्हणाली नाही, कारण हेडमास्तरांना नाही म्हणायचं असतं हेच तिला ठाऊक नव्हतं. घरी आली आणि उंबऱ्यावर बसून राहिली.

हेडमास्तरांनी स्वतः भाषण लिहून दिलं. त्यातलं पहिलंच वाक्य पान उलटून पलीकडं जात होतं. ‘इट इज विथ फीलिंग्ज ऑफ द प्रोफाउंडेस्ट ग्रॅटिट्यूड’ एवढ्यापाशीच रतनचा दम संपे. दोन दिवसांनी इंग्रजीच्या घाटे मास्तरांनी तिला वर्गात थांबवून घेतलं. कागद वाचला, चष्मा काढून पुसला, आणि म्हणाले की हे भाषण हेडमास्तरांनी स्वतः करण्यासारखं आहे. मग त्यांनी दुसरा कागद घेतला आणि लहान लहान वाक्यं लिहिली. एका श्वासात एक वाक्य बसलं पाहिजे, वाक्य संपलं की तोंड मिटायचं, श्वास घ्यायचा, मग पुढचं, असं त्यांचं सांगणं. हेडमास्तरांना हे पसंत पडलं नव्हतं, पण दिवस थोडे उरले होते म्हणून ते गप्प बसले.

भाषण असं होतं:

‘रिस्पेक्टेड प्रेसिडेंट, लेडीज अँड जंटलमेन, टीचर्स अँड डिअर फ्रेंड्स. आय वेलकम यू ऑल टु अवर अॅन्युअल गॅदरिंग. टुडे इज अ हॅपी डे फॉर अस. अवर प्रेसिडेंट हॅज कम ऑल द वे फ्रॉम पूना टु सी अस. वुई आर ग्रेटफुल टु हिम. अवर स्कूल इज स्मॉल, बट अवर जॉय इज ग्रेट. वुई हॅव वर्क्ड हार्ड फॉर धिस डे. प्लीज फर्गिव्ह अवर मिस्टेक्स. वन्स अगेन आय वेलकम यू ऑल. थँक यू.’

एवढंच. आता बालवाडीतलं पोरही म्हणेल. पण तेव्हा भोरात बायकांच्या तोंडून इंग्रजी शब्द कुणी ऐकला नव्हता.

पाठ कसं करायचं हे रतनला कुणी सांगितलं नाही. पहाटे आत्याबरोबर दळायला बसायची, तिथंच तिनं सुरुवात केली. आत्या ओवी म्हणायची ती थांबली आणि जात्यावर इंग्रजी सुरू झालं. पाळू, म्हणजे जात्याचा वरचा दगड, एकदा फिरली की एक वाक्य. आत्यानं वैरणीची, दळायच्या दाण्यांची, मूठ टाकली की श्वास. पुन्हा पाळू, पुन्हा वाक्य. फुलाबाईंना त्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण ठेक्यावर त्यांची मान हलायची. एकदा त्या म्हणाल्या, “तुजा प्रेशिडेंट दळून दळून पार मैदा झाला की गं.”

भाषण असं अंगात भिनलं. पण त्यात एक खोट होती. जात्यावरची ओवी मधूनच उचलता येत नाही, पहिल्यापासून धरावी लागते. तसंच याचं झालं. घाटे मास्तरांनी मधलं वाक्य विचारलं की रतन डोळे मिटून मनातल्या मनात ‘रिस्पेक्टेड प्रेसिडेंट’पासून पळत येई. एक शब्द कुणी हलवला तर सगळी माळ घरंगळे. मास्तर म्हणाले, असू दे, तुला मधून कोण विचारणार आहे?

संक्रांतीला ती मार्गासनीला गेली. पहाटे आईबरोबर दळताना तोंडात तेच. ओट्यावर आबा, म्हणजे आनंदराव, घोंगडी पांघरून बसले होते. ते डोळे मिटून ऐकत होते. सकाळी भाकरी खाताना त्यांनी विचारलं की हे काय आहे. आईनं सांगितलं.

आनंदरावांच्या बाबतीत एक गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक होती आणि कुणी बोलत नसे. तरुणपणी बांधाच्या भांडणात ते भोरच्या कचेरीत गेले होते. बाजू त्यांची खरी होती. पण कारभाऱ्यांनी विचारलं, बोल, तुझं काय म्हणणं आहे, आणि आनंदरावांची वाचा बसली. तोंड उघडलं, आवाज फुटला नाही. लोक हसले. शेजाऱ्यानं बांध नेला. तेव्हापासून भावकीत भांडण निघालं की कुणीतरी म्हणायचंच, आनंदराव, कचेरीत बोला.

म्हणून ते नातीला म्हणाले, “मी येतो त्या दिवशी. गाडी घिऊन येतो. मला तुजं इंग्रजी समजत न्हाई, पर कोण अडलं ते समजतं. मोठ्या मानसांम्होरं अडलीस तर तिथनंच गाडीत बसायचं. घरान्याचं एकदा हसं झालंय, पुन्यांदा नगं.”

आईनं ताटात बघितलं. रतनही ताटातच बघत होती. आबा उगीच बोलणाऱ्यांतले नव्हते, आणि मार्गासनीला परत आलं की पुढं काय, हेही ती जाणून होती. बाजी पाटलांच्या घरून तिच्या लग्नासाठी दिवाळीपासून दोनदा विचारणा झाली होती.

त्यानंतर भीती तिच्याबरोबर जेवायला बसायची आणि तिच्याबरोबरच निजायची. स्वप्नात ती उभी राही आणि तोंडातून पीठ पडे.

संमेलनाच्या दिवशी आनंदराव सकाळीच आले. बैल झाडाखाली सोडले, आत्याच्या घरी पाणी प्यायले आणि म्हणाले, पोरीची पेटी भरून ठेवा. फुलाबाईंनी रडवेल्या आवाजात काहीतरी म्हणून पाहिलं. आनंदराव म्हणाले की अडली नाही तर पेटी उतरवून घेऊ, पेटीला काय पाय आहेत? त्यांनी स्वतःच ती पत्र्याची पेटी उचलून गाडीत ठेवली आणि वर कडबा टाकला. रतननं नऊवारी नेसताना खिडकीतून ते पाहिलं.

समारंभ दुपारचा होता. बाहेरगावचे पालक दिवस मावळायच्या आत परत निघत. शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता, समोर सतरंज्या, बायकांसाठी एका अंगाला बांबूच्या काड्यांचा, चिकाचा पडदा. व्यासपीठावर मध्यभागी अध्यक्षांची उंच पाठीची खुर्ची, ती वकिलांच्या घरून आणलेली. लोक आले, बसले, मुलांची चुळबुळ झाली, पताका वाऱ्यानं फाटायला लागल्या, आणि रावबहादूर आले नाहीत.

हेडमास्तर फाटकापर्यंत जात आणि परत येत. ऊन कलायला लागलं. मागचे काही शेतकरी उठून धोतर झटकू लागले तसं हेडमास्तरांच्या कपाळावर घाम आला. शेवटी त्यांनी गावातल्या वकीलसाहेबांना तात्पुरते अध्यक्ष करायचं ठरवलं. सूचना झाली, अनुमोदन झालं, टाळ्या झाल्या. वकीलसाहेब स्वतःच्याच खुर्चीत येऊन बसले.

ईशस्तवन चालू असताना घाटे मास्तर घाईघाईनं रतनजवळ आले. त्यांच्या हातात हारांची परडी होती. हेडमास्तरांनी त्यांना फाटकाशी उभं राहायला सांगितलं होतं, पाहुणे आलेच तर पहिला हार चुकू नये म्हणून. ते वाकून पुटपुटले, “रतन, अध्यक्ष बदलले. फ्रॉम पूनाचं वाक्य गाळ. वकीलसाहेब इथलेच, लोक हसतील. त्यापुढचं, ग्रेटफुलचंही गाळ. हॅपी डे झालं की थेट अवर स्कूल.”

आणि ते गेले. ऐनवेळी आठवण करून द्यायला व्यासपीठाच्या बाजूच्या पडद्याआड तेच बसणार होते. आता तिथं रिकामं स्टूल होतं.

दोन वाक्यं गाळ म्हणजे दोन फेरे पाळू न फिरवता पुढं जा. रतन मनात करून बघू लागली. हॅपी डे फॉर अस. अवर... अवर प्रेसिडेंट. पुन्हा. हॅपी डे फॉर अस. अवर... दोन्ही वाक्यं ‘अवर’नंच सुरू होत होती आणि जीभ आपल्या वहिवाटीच्या वाटेनंच जात होती. स्वागतपद्य संपलं तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण ते ऐकलंच नाही. तिचं नाव पुकारलं गेलं.

व्यासपीठाच्या तीन पायऱ्या ती चढली. समोर पागोटी, टोप्या, उघडी डोकी. मधल्या रांगेत आबा होते. ते काठी गुडघ्यांत धरून ताठ बसले होते, आणि डोळे मिटलेले. ते ऐकायला आले होते, बघायला नव्हे.

नमस्कार करून तिनं सुरुवात केली. पहिला शब्द बाहेर पडला आणि तो तिला दुसऱ्याच कुणाचा वाटला. पण जात्यानं धरलं. रिस्पेक्टेड प्रेसिडेंट, फेरा. श्वास. आय वेलकम यू ऑल, फेरा. श्वास. मागचे उठलेले लोक खाली बसले. बायकांच्या पडद्यामागं कुजबुज थांबली. टुडे इज अ हॅपी डे फॉर अस. श्वास.

“अवर,” रतन म्हणाली.

आणि थांबली.

पुढचं वाक्य जिभेवर होतं, तेच नको होतं. हवं होतं ते कुठंच नव्हतं. वकीलसाहेबांनी मान वर करून पाहिलं. हेडमास्तरांची चप्पल फळीवर करकरली. पताका फडफडत होत्या. रतननं रिकाम्या स्टुलाकडं पाहिलं, मग नको नको म्हणताना आबांकडं पाहिलं. त्यांचे डोळे उघडले होते. ते तिच्याकडं नव्हे, फाटकाबाहेर झाडाखाली बांधलेल्या बैलांकडं बघत होते. तिच्या कानात नुसता पाळूचा घरघराट राहिला, मोकळ्या, दाणे नसलेल्या जात्याचा. मागं एक मुलगा फिसकन हसला.

तेवढ्यात भोंगा वाजला.

धुळीचा लोट उठला आणि मोटार फाटकात येऊन उभी राहिली. सगळी सभा ताडकन उभी राहिली. कापूरहोळच्या अलीकडं मोटारीचं चाक पंक्चर झालं होतं आणि रावबहादूर अर्धी दुपार झाडाखाली बसून आले होते. घाटे मास्तरांनी हार घातला, हेडमास्तर हात जोडून धावले, वकीलसाहेबांनी खुर्ची सोडली. रतन होती तिथंच उभी होती. तिला खाली उतर असंही कुणी म्हणालं नाही आणि बोल असंही नाही.

हेडमास्तरांचा चेहरा पांढरा पडला होता. पाहुण्यांवाचून समारंभ सुरू केला हे रावबहादूरांच्या ध्यानात आलं असणार, आणि ते काय समजतील, दरबारात काय बोलतील, याच विचारानं त्यांना काही सुचेना. रावबहादूर खुर्चीत बसले, उपरण्यानं मान पुसली आणि रतनकडं पाहून मराठीतच म्हणाले, “मुली, आम्ही मध्येच आलो वाटतं. चालू दे तुझं.”

चालू दे. कुठून चालू द्यायचं? मधून तर तिला येतच नव्हतं. खाली उतरून पळत सुटावं असं तिला वाटलं, पाय वळलेही. पण बाहेर झाडाखाली गाडी उभी होती, आणि पळून जायचं तर त्याच गाडीत जावं लागणार होतं.

तिनं पुन्हा नमस्कार केला. डोळ्यांपुढं आत्याची मूठ आणली, आणि पहिल्यापासून धरलं. “रिस्पेक्टेड प्रेसिडेंट, लेडीज अँड जंटलमेन...”

आता काही गाळायचं नव्हतं. पुण्याचा माणूस पुण्याहून आला होता. ‘फ्रॉम पूना’ म्हणताना रावबहादूर धुळीनं भरलेल्या आपल्या कोटाकडं बघून हसले आणि सभाही हसली. रतन हसली नाही. ती फेऱ्यामागून फेरा काढत गेली, अवर स्कूल, अवर जॉय, प्लीज फर्गिव्ह, आणि ‘थँक यू’ झाल्यावर टाळ्या चालू असतानाच खाली उतरून पडद्याआडच्या त्या स्टुलावर बसली. घाम कानामागून ओघळत होता. हेडमास्तर नंतर लोकांना सांगत होते की पाहुण्यांच्या मानासाठी मुलगी मध्येच थांबली आणि स्वागत नव्यानं केलं, केवढी ही समज. सगळ्यांनी ते खरं मानलं. रावबहादूरांनी भाषणात तिचा दोनदा उल्लेख केला.

तिला त्यातलं काही ऐकू आलं नाही. तिचं लक्ष मधल्या रांगेकडं होतं, आणि तिथली जागा रिकामी होती.

बाहेर आली तेव्हा आबांनी बैल जुंपले होते. पेटी गाडीतच होती. फुलाबाई डोळ्याला पदर लावून चाकापाशी उभ्या होत्या. आनंदराव एवढंच म्हणाले, “बस.”

रतन बसली. गाडी चालू लागली. बाजारपेठ मागं पडली, नीरेचं पाणी उजवीकडं दिसलं आणि झाकलं. आबा पाठमोरे. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांशिवाय आवाज नव्हता. रतननं कडब्याखाली हात घालून पेटीची कडी धरून ठेवली होती. विचारावं असं तिला वाटत होतं आणि विचारलं तर उत्तर येईल याचीच भीती वाटत होती.

जकातनाक्याजवळ त्यांनी कासरा ओढला. बैल थांबले. मागं न बघता ते म्हणाले, “भोंगा वाजायच्या आदी थांबलीस का मागनं?”

सगळं भोर मागनं म्हणत होतं. हेडमास्तर म्हणत होते, रावबहादूर म्हणत होते. तिनंही म्हटलं असतं तर कुणी खोटं पाडणार नव्हतं. पण मिटल्या डोळ्यांनी ऐकणारा हा एक माणूस होता, आणि संक्रांतीला त्यानं ओट्यावर बसून जात्याचा फेरा न फेरा ऐकला होता.

“आदी,” ती म्हणाली. आवाज इतका बारीक की बैलानं कान हलवला तरी झाकला गेला असता.

एक सायकलवाला बाजूनं गेला. मग आबा खाली उतरले, मागं आले, कडबा सारला आणि पेटी उचलून रस्त्याच्या कडेला ठेवली.

“म्हाईत हुतं मला,” ते म्हणाले. “माजी वाचा बसली ती बसलीच. तुजी परत आली. तेबी त्याच लोकांम्होरं.” त्यांनी फेट्याच्या शेवानं तोंड पुसलं. “उतर. मानशिंगाला सांग पेटी न्यायला. सांज व्हायच्या आत घरला जा.”

तिला खाली उतरता येईना. तेव्हा त्यांनी ती लहान असताना उतरवत तशी काखेत धरून तिला खाली ठेवलं, गाडीवर चढले आणि नसरापूरच्या वाटेला लागले. रतन पेटीवर बसून राहिली. भीती एवढी मुरली होती की ती जायलाही वेळ लागला.

पुढं काय झालं ते सांगायला पाहिजे. रतन मॅट्रिक झाली, पुण्याला शिक्षिकेच्या कोर्सला गेली, आणि भोरजवळच्या मुलींच्या शाळेत तिनं आयुष्य काढलं. संमेलनात ती स्वतः कधी भाषणाला उभी राहिली नाही. पडद्याआडच्या स्टुलावर बसायची, हातात कागद घेऊन. ती जागा तिनं कधी रिकामी ठेवली नाही. घाटे मास्तर बेचाळीस साली चळवळीत पकडले गेले, सुटून आल्यावर त्यांचे डोळे अधू झाले, पण मुलांची वाक्यं लहान करण्याची सवय शेवटपर्यंत गेली नाही. हेडमास्तर संस्थान विलीन व्हायच्या आधीच निवृत्त होऊन कोकणात गेले. रावबहादूर त्यानंतर भोरला पुन्हा आले नाहीत. बाजी पाटलांच्या घरी दुसऱ्याच घरची सून आली आणि ती फार चांगली निघाली. मानसिंगांची नोकरी संस्थानाबरोबर संपली, त्यांनी पुढं रस्त्याच्या कडेला चहाचं दुकान टाकलं. फुलाबाई म्हातारपणी जात्यावर बसत नव्हत्या, गिरणी आली होती. तरी उन्हात डाळ निवडताना त्यांच्या तोंडात कधीकधी ‘अवर प्रेशिडेंट’ असायचं.

आणि आनंदराव. भावकीत पुन्हा एकदा बांधाचं निघालं, तेव्हा कुणीतरी जुनं वाक्य काढलं, आनंदराव, कचेरीत बोला. ते म्हणाले, माजी नात बोलंल. ती गेलीही होती त्यांच्याबरोबर, मामलेदारासमोर, हातात कागद न घेता. बांध काही परत मिळाला नाही. पण आबा कचेरीच्या ओट्यावर डोळे मिटून बसले होते, आणि ती कुठंही अडली नाही हे त्यांनी ऐकलं.